तीसच्या आसपास

खेळ संपला की मी मुलांना एकच प्रश्न विचारते. "भाव कुणी ठरवला?"

सुरुवातीला सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. विकणारे म्हणतात, घेणाऱ्यांनी. घेणारे म्हणतात, विकणाऱ्यांनी. एखादा माझ्याकडेही बघतो, कारण वर्गात काही ठरलं असेल तर ते बाईंनीच ठरवलेलं असणार असा त्याचा अनुभव असतो. मग फळ्यावर लिहिलेल्या आकड्यांकडे बघत वर्ग हळूहळू गप्प होतो. या शांततेसाठीच मी हा खेळ दरवर्षी घेते.

आधी मी मागणी-पुरवठा सगळे शिकवतात तसाच शिकवायचे. फळ्यावर एक रेषा खाली उतरणारी, एक वर चढणारी, आणि जिथे छेदतात तिथे एक ठळक ठिपका. मुलं आकृती अचूक काढायची, व्याख्या पाठ म्हणायची. एका वर्षी एका मुलीनं विचारलं, "बाई, पण या रेषा बाजारात असतात कुठे?" मी काहीतरी उत्तर दिलं आणि घरी येईपर्यंत मला ते पटेनासं झालं. तिचं बरोबर होतं. बाजारात उभं राहून कितीही डोळे ताणले तरी तिथे रेषा दिसत नाहीत. दिसतात ती माणसं, आणि प्रत्येकाच्या मनात दडलेला एक आकडा. घेणाऱ्याच्या मनात, याहून जास्त मी देणार नाही. विकणाऱ्याच्या मनात, याहून कमी मला परवडणार नाही. अशा सगळ्या आकड्यांची ओळीनं मांडणी केली तर रेषा तयार होते, पण ती मांडणी करायला बाजारात कुणी बसलेलं नसतं. मग भाव त्या ठिपक्यापाशी पोचतो कसा? मला शिकवायचं होतं ते हे, आणि आकृतीत नेमकं हेच नव्हतं.

पहिला प्रयत्न फसला. मी खरे आंबे आणले, मुलांना सारखी टोकनं वाटली आणि एकेक आंबा लिलावात काढला. वर्ग दणाणून गेला, पण हाती काही लागलं नाही. एक तर मुलांना खरोखर भूक लागलेली होती, कुणाला आंबा अतोनात आवडत होता, कुणाला मुळीच नाही, आणि कुणाच्या मनात कोणता आकडा आहे हे मला कळायचा मार्ग नव्हता. त्यामुळे जो भाव फुटला तो बरोबर की चूक हे तपासणार कशावरून? दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. असा लिलाव एकतर्फी असतो. एक वस्तू, एक विकणारा आणि चढत जाणारी बोली. समजा एकाची तयारी 48 टोकनं द्यायची आहे आणि त्याच्या खालोखाल दुसऱ्याची 44 ची. बोली 44 च्या जरा पुढे गेली की दुसरा थांबतो आणि आंबा पहिल्याला मिळतो. म्हणजे तो भाव फक्त सगळ्यात हौशी दोघांची गोष्ट सांगतो. विकणाऱ्याला काय परवडतं याचा त्यात मागमूस नसतो. मागणी दिसते, पुरवठा दिसत नाही.

म्हणून खेळातून आंबे गेले आणि कार्डं आली.

माझ्या वर्गात अठरा मुलं होती. आठ घेणारी, आठ विकणारी, एक फळ्यावर लिहायला, एक वहीत सौदे नोंदवायला. घेणाऱ्या प्रत्येकाला एक कार्ड, त्यावर एक आकडा: 48, 44, 40, 36, 32, 28, 24, 20. हा आकडा म्हणजे त्याच्या लेखी एका आंब्याची किंमत. त्याहून कमीत आंबा मिळाला तर मधला फरक त्याचा फायदा. विकणाऱ्यांची कार्डं 12, 16, 20, 24, 28, 32, 36 आणि 40 ची. हा त्या आंब्याला आलेला खर्च. त्याच्या वर जे मिळेल तो नफा. प्रत्येकानं फार तर एकच आंबा घ्यायचा किंवा विकायचा. सौदा झाला नाही तर फायदा शून्य, पण तोटाही नाही. आणि कार्ड कुणालाही दाखवायचं नाही.

हा शेवटचा नियम मुलांना सगळ्यात जड जातो. कार्ड मिळालं की पहिल्या मिनिटाला अर्ध्या वर्गानं ते शेजाऱ्याला दाखवलेलं असतं. तेव्हा मी सगळी कार्डं गोळा करते, पिसते आणि पुन्हा वाटते, कारण आकडे फुटले तर उरते ती नुसती बेरीज-वजाबाकी. दुसरी नेहमीची चूक म्हणजे विकणारी मुलं खर्चाच्या खाली माल देऊन टाकतात. विकलं म्हणजे जिंकलो असं त्यांना वाटतं. त्यासाठी खरा डाव सुरू करण्यापूर्वी एक कच्चा डाव घेते आणि प्रत्येकाचा फायदा त्याच्याकडूनच मोठ्यानं मोजून घेते. एकदा 28 चा माल 22 ला देऊन आलेल्या मुलानं "उणे सहा" असं स्वतःच्या तोंडानं म्हटलं, की पुन्हा तो कधी चुकत नाही.

खेळ सुरू करण्याआधी मी एका पाकिटात चिठ्ठी घालून ते टेबलावर ठेवते. त्यात काय आहे ते शेवटी सांगायचं.

पहिला डाव मी मुद्दाम मोकळा सोडते. वर्गभर फिरा, हवं त्याला गाठा, कानात घासाघीस करा, पटलं तर सौदा करून माझ्याकडे या. फळ्यावर काहीच लिहायचं नाही. हा प्रकार माझा नाही. एडवर्ड चेंबरलिन नावाचे अर्थशास्त्रज्ञ हार्वर्डमध्ये आपल्या विद्यार्थ्यांकडून असा खेळ करून घेत, आणि 1948 मध्ये त्यांनी त्यावर लेख लिहिला. त्यांना दाखवायचं होतं की पुस्तकातला तो ठिपका प्रत्यक्षात असा सहजासहजी गाठला जात नाही. माझ्या वर्गातही तो गाठला गेला नाही. सात सौदे झाले. सगळ्यात महाग आंबा 42 ला गेला, सगळ्यात स्वस्त 18 ला. 42 देणारा मुलगा आणि तसाच आंबा 20 ला घेणारी मुलगी नोंद करायला एकामागोमाग उभे होते. त्यानं तिच्या चिठ्ठीकडे पाहिलं, मग आपल्या चिठ्ठीकडे, आणि त्याचा चेहरा पडला. "मला कुणी सांगितलंच नाही," तो म्हणाला.

हे वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवलं.

मग सगळ्यांच्या फायद्याची बेरीज केली. घेणाऱ्यांचा आणि विकणाऱ्यांचा मिळून, सात सौद्यांत 84 टोकनं. वर्ग खूष होता, कारण आठातले सात आंबे विकले गेले होते. मी त्यांना सांगितलं की याच कार्डांतून पूर्ण 100 निघू शकतात, आणि तेही फक्त पाच आंबे विकून. हे कुणालाच पटलं नाही. सातापेक्षा पाच चांगले कसे?

इथे मी घाई करत नाही, कारण मोठी माणसंसुद्धा इथेच अडखळतात. 42 ला गेलेला आंबा बघा. तो घेणाऱ्याकडे 48 चं कार्ड होतं, देणाऱ्याकडे 36 चं. दोघांना सहा-सहा मिळाले, दोघं खूष. पण तो आंबा तयार करायला 36 टोकनं खर्ची पडली, आणि त्याच वर्गात 16 खर्चात तयार होणारा आंबा अशा मुलीकडे गेला होता जिच्या लेखी त्याची किंमत 24 च होती. सात सौदे झाले कारण माहिती नसल्यामुळे ज्यांची गाठ पडायला नको होती त्यांची पडली. महाग पिकवणारा जास्त गरजू घेणाऱ्याच्या आधारानं तरला, आणि कमी किंमत देणारा स्वस्त पिकवणाऱ्याच्या. सौदे वाढले, पण महागडा माल विनाकारण बाजारात आला. मुलांनी वहीत आकडे मांडून पाहिले. 48 ला 12 जोडा, 44 ला 16, 40 ला 20, 36 ला 24, 32 ला 28. फरक 36, 28, 20, 12, 4. बेरीज शंभर. सहाव्या जोडीत घेणारा 28 चा आणि विकणारा 32 चा, तिथे सौदा होऊच शकत नाही. गंमत म्हणजे या पाचांत कुणाची जोडी कुणाशी लागली यानं बेरीज बदलत नाही. आत नेमके हे पाच आणि ते पाच असले की झालं.

पण ही मांडणी आम्हाला करता आली कारण सगळी कार्डं उघडी होती. झाकलेल्या कार्डांनी हे कसं व्हायचं?

चेंबरलिन यांच्या त्या वर्गात व्हर्नन स्मिथ नावाचा विद्यार्थी बसलेला होता. पुढे तो स्वतः शिकवू लागला तेव्हा, 1956 मध्ये, त्यानं खेळात दोन बदल केले. कानातली घासाघीस बंद करून बोली सगळ्यांसमोर लावायला सांगितली, आणि तीच कार्डं ठेवून डाव पुन्हा पुन्हा खेळवला. या साध्या बदलांतून जे निघालं ते त्यानं 1962 मध्ये प्रसिद्ध केलं, आणि 2002 मध्ये त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते बाजाराचे असे प्रयोग रुजवण्याबद्दल. माझा दुसरा डाव म्हणजे हे दोन बदल.

फळ्याचे दोन भाग. डावीकडे घेणाऱ्यांची बोली, उजवीकडे विकणाऱ्यांनी सांगितलेला भाव. हात वर करायचा, आकडा मोठ्यानं सांगायचा. नवी बोली आधीच्या बोलीपेक्षा चढीच हवी, विकणाऱ्यानं सांगितलेला नवा आकडा आधीच्यापेक्षा उतरताच हवा. कुणी समोरचा आकडा मान्य केला की सौदा, दोघं खाली बसतात, फळा पुसायचा, पुन्हा सुरू.

पहिला सौदा 23 ला झाला. विकणाऱ्याचा खर्च 16 होता, सात टोकनं मिळतात म्हणून त्यानं झटकन देऊन टाकला. लगेच घेणाऱ्यांचे हात वर गेले, चोवीस, पंचवीस, सव्वीस, आणि विकणारे गप्प. मी डाव थांबवला आणि नुसतं मोजायला सांगितलं. या भावाला किती जण घ्यायला तयार आहेत, आणि किती जण द्यायला? हे मला कार्डांच्या यादीवरून माहीत होतं, मुलांना ते वर गेलेल्या हातांवरून दिसत होतं. 23 ला घेणारे सात, देणारे तीन. चौघं रिकाम्या हातानं राहणार होते, आणि रिकाम्या हातानं राहण्यापेक्षा दोन टोकनं जास्त देणं बरं असं त्यांना वाटत होतं. भाव चढतो तो या चौघांमुळे. ज्यांना आंबा मिळाला त्यांना भावाची काही पडलेली नसते. पुढचा सौदा 34 ला झाला, आणि चित्र उलटलं. विकणारे हात उंचावून ओरडू लागले, आणि 34 देऊ शकणारे फारसे उरलेच नव्हते. आता एकमेकांना खाली ओढायची पाळी विकणाऱ्यांची होती. 32, 31, 30. पाच सौद्यांवर डाव थांबला. एकूण फायदा 96.

पुढच्या डावात तोच 16 वाला मुलगा हाताची घडी घालून बसला. 23 ची बोली आली, त्यानं मान हलवली. 26 आली, तरी नाही. "मागच्या वेळी माझ्यानंतर सगळ्यांना तीस किंवा वर मिळाले," तो म्हणाला. त्याला कुणाचंही कार्ड माहीत नव्हतं. फळ्यावरचे चार आकडे त्याच्या लक्षात राहिले होते, तेवढंच. त्या डावात सगळे सौदे 28 ते 32 मध्ये झाले. चौथ्या डावात 29 ते 31 मध्ये. दोन्ही वेळा पाच आंबे, दोन्ही वेळा पूर्ण 100. सगळ्यात महाग आणि सगळ्यात स्वस्त सौद्यातलं अंतर पहिल्या मोकळ्या डावात 24 होतं, मग 11, मग 4, मग 2. भाव स्थिरावला की नाही हे ओळखायची माझी खूण हीच. एखादा आकडा तीसवर आला म्हणून काही सिद्ध होत नाही, तो योगायोगानंही येतो. अंतर आटत गेलं पाहिजे.

तेव्हा पाकीट उघडलं. चिठ्ठीत लिहिलं होतं: पाच आंबे, 28 ते 32.

वर्गात एक क्षण कुणी बोललं नाही. मग एकानं विचारलं की कार्डांचे आकडे दोन्ही बाजूंनी सारखे उतरते-चढते होते, म्हणून तर भाव बरोबर मधोमध आला नसेल? चांगला प्रश्न. खुद्द स्मिथलाही अशीच शंका आली होती आणि त्यानं आकडे एकीकडे झुकवून पुन्हा तपासून पाहिलं होतं. आम्हीही ते केलं. मी सांगितलं की वादळात दोन बागा पडल्या, आणि विकणाऱ्यांमधली 16 आणि 20 ची कार्डं काढून घेतली. बाकी कुणालाही काही सांगितलं नाही, कुठली कार्डं गेली तेही नाही.

भाव दोन डावांत 34 च्या आसपास जाऊन बसला. पण मला बघायचा होता तो एक मुलगा. त्याच्याकडे 32 चं कार्ड होतं. सगळ्यांसमोरच्या तीन डावांत त्याचा आंबा एकदाही विकला गेला नव्हता, आणि आपल्याला खेळ जमत नाही असं त्यानं मनाशी धरलं होतं. चौतीसला त्याची बोली कुणीतरी उचलली तेव्हा तो आधी माझ्याकडे बघत राहिला, मग उठून नोंद करायला आला. दोन टोकनं मिळाली होती. त्याच वेळी घेणाऱ्यांमधली 32 च्या कार्डाची मुलगी, त्या तीन डावांत दोनदा आंबा मिळालेली, बाहेर पडली. दोन आंबे गेले होते, पण विक्री पाचावरून चारावर आली, फक्त एकानं कमी. भाव चढल्यामुळे एक नवा विकणारा आत आला आणि एक घेणारी बाहेर गेली. टंचाईत भाव वाढतो हे मुलांना आधीही माहीत होतं. वाढलेला भाव पुढे काय करतो हे त्या दोघांकडे बघून कळलं.

खेळाच्या मर्यादाही मी सांगते. आंबे सगळे सारखे धरलेत, आकार-गोडीचा प्रश्न नाही. रोज तेच लोक, तीच कार्डं. बोली सगळ्यांना ऐकू येते. आणि विकणारे आठ वेगवेगळे आहेत. विकणाऱ्यांची आठही कार्डं एकाच मुलीच्या हातात देऊन एकदा खेळून बघा. ती पाच आंबे तीसला विकणार नाही. तीन-चारच विकेल, पण चढ्या भावानं. तीसचा आकडा आंब्यात नसतो, तो नियमांमधून आणि स्पर्धेतून येतो.

त्या दिवशी हे सगळं मी मनासारखं शिकवलं होतं. तास संपत आला होता. तेवढ्यात घेणाऱ्यांमधली 20 च्या कार्डाची मुलगी उठली. सहाही डावांत तिला आंबा मिळाला नव्हता. पहिल्या मोकळ्या डावातही नाही.

"बाई, तुम्ही भाव बांधून द्या. अठराच्या वर विकायचं नाही."

मी हो म्हणाले. वादळात काढलेली कार्डं परत दिली आणि डाव लावला. अठरानं परवडणारे विकणारे दोनच, 12 आणि 16 चे. घेणारे आठही हात वर. बोली चढवता येत नाही, म्हणजे निवड विकणाऱ्यांवर आली. एकानं आपल्या बाकावरच्या मित्राला दिला, दुसरीनं मैत्रिणीला. त्या दोघांना आंबा 18 ला मिळाला. या मुलीला नाही मिळाला.

ती खाली बसली नाही. "मला आंबा हवा होता तरी माझी मागणी नाही असंच झालं ना?"

मी सांगितलं की हो, या खेळात मागणी म्हणजे हवं असणं आणि त्यासाठी तेवढं देता येणं, दोन्ही मिळून.

"पण कार्डं तर तुम्हीच वाटलीत."

यावर तेव्हा मला उत्तर सुचलं नाही, आणि मी ते ओढूनताणून दिलंही नाही. दुसऱ्या दिवशी कार्डं पिसून पुन्हा वाटली. तीच सोळा कार्डं, फक्त हात वेगळे. 48 चं कार्ड तिच्याकडे गेलं. तिनं ते उलटं करून बाकावर ठेवलं आणि वरून तळहात दाबून धरला. भाव दोन डावांत पुन्हा 30 वर आला. तिला दोन्ही वेळा आंबा मिळाला, दोन्ही वेळा अठरा टोकनांचा फायदा.

दुसऱ्या डावानंतर नोंद करून परत जाताना ती वाटेत थांबली आणि वर्गाकडे वळून बघू लागली. 20 चं कार्ड आज कुणाकडे आहे ते शोधत होती.